आसारामची आठ फुटी चौकट

घर अजून जोत्यावर दोन थरसुद्धा आलं नव्हतं, आणि चौकट मात्र आठ फुटांची उभी राहिली होती. बाभळीच्या लाकडाची, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वरच्या पट्टीला आंब्याचा टाळा बांधलेला. चार बाजूंनी बांबूचे टेकू दिले होते, तरी वाऱ्यानं जराशी कुरकुरत होती. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसतं दार. येणारा-जाणारा रस्त्यावर थांबून बघायचा आणि हसू दाबत पुढं जायचा.

शेजारच्या सरजाबाईला हसू दाबायची सवय नव्हती. पाच सवाष्णींत तीही ओटी भरून घ्यायला आली होती. नारळाचं खोबरं चघळत ती म्हणाली, "आसाराम भावजी, हत्ती पाळायचा इचार हाय का?"

"हत्ती न्हाई, उंट," आसाराम म्हणाला. "तुमच्या म्हाताऱ्याला आणू म्हणलं पाव्हणा."

बायका खिदळल्या आणि विषय तिथंच राहिला. आसारामला तेच हवं होतं. चौकट आठ फुटांची का, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, सुतार तात्यारावलाही नाही. आपल्या बायकोला, कडूबाईला, तर अजिबातच नाही.

आसाराम चारठाण्याच्या पलीकडच्या वस्तीवरचा. जिंतूर तालुक्यातल्या त्या माळरानावर कापूस आणि सोयाबीन निघालं की पोटाला पुढं काही उरत नाही, म्हणून दसरा-दिवाळी झाली की अर्धी वस्ती ऊस तोडायला पश्चिमेकडं जायची. मिसरूड फुटायच्या आधी तो बापाबरोबर गेला, आणि लग्न झाल्यावर कडूबाईबरोबर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या तोंडी दोघांना दोन नावं नव्हती, 'चारठाण्याचं कोयतं' एवढंच. तो तोडायचा, ती पाला काढून मोळ्या बांधायची. राहायला कोप. बांबूची चटई वाकवून, वर पाचट घालून केलेली. तिचं दार माणसाच्या कमरेएवढं. आत शिरायचं तर गुडघ्यावर.

पहिल्याच हंगामातली गोष्ट. कडूबाईला पाचवा महिना होता. पाणी लांबून, कालव्यावरून आणायचं. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. फडातून आल्यावर ती पाण्याला जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. कोपीपुढं आली, की उभ्या उभ्या तो डोंगर खाली उतरवायचा, मग हंडा ओढत, हिंदकळवत आत न्यायचा. एका संध्याकाळी तिची मान थरथर कापताना आसारामनं पाहिली. बाकी काही झालं नाही. हंडा पडला नाही, ती ओरडली नाही. पण ती मान त्याच्या डोळ्यांत रुतून बसली. त्यानं तेव्हा तिच्याकडं पाठ करून मनातल्या मनात म्हटलं, एक दिवस असं घर बांधीन, असं दार करीन, की तू डोक्यावरचा हंडा-कळशी न उतरवता, ताठ मानेनं आत चालत जाशील.

पुरुषाचं वय वीस असलं की अशा शपथा फार स्वस्तात निघतात. गंमत ही, की ही टिकली.

तीस-पस्तीस हंगाम गेले. पोरगा हरिओम झाला, शिकला, पुण्याकडं गाड्यांच्या कारखान्यात लागला. पोरगी चुडाव्याला दिली. वस्तीवर नळ आला. आणि मोळ्या वाहून वाहून कडूबाईची पाठ अशी वाकली, की आता तिला डोक्यावर हंडा घेणं सोडाच, समोरच्याचं तोंड बघायचं तरी मान तिरपी करावी लागते. वाकलेल्या बाईला उंच दाराचा काय उपयोग, हे आसारामला कळत नव्हतं असं नाही. पण माणूस शब्द देतो तेव्हा समोरचं माणूस पुढं म्हातारं होईल याचा विचार करत नाही. दिला तो दिला. मापही त्यानं तेव्हाचंच धरलं. कडूबाई पाच फूट, वर हंडा-कळशीचे दोन, आणि वर फूटभर मोकळी हवा. सात फुटांत भागलं असतं, पण मग ताठ मानेला काय अर्थ?

नवं घर बांधायची वेळ मात्र त्या शपथेनं आणली नाही, जमिनीनं आणली.

त्यांचं जुनं घर दगड-मातीचं. भिंती हातभर रुंद, दगडांवर दगड ठेवलेले, मधे चिखल. वर पत्रे, आणि वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून पत्र्यांवर धोंडे. वस्तीवरच्या सगळ्यांच्याच पत्र्यांवर धोंडे असतात. कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी हिंगोलीकडून जमीन गुरगुरत आली. भांडी वाजली, कोंबड्या ओरडल्या. कडूबाई नुकतीच बाजेवरून उठून चुलीकडं गेली होती. तिच्यामागं पत्रा फाडून एक धोंडा थेट बाजेवर आला. उशीच्या जागी. पुढच्या घटकेला घराचा पूर्वेकडचा कोपरा उभा उलला, दोन भिंती एकमेकींपासून अशा सुटल्या, की मधून उजेड दिसायला लागला.

त्या दिवसापासून कडूबाई भिंतीच्या घरात निजली नाही. अंगणात पाचटाचं छप्पर होतं, शेळीचं. त्यातच तिनं वाकळ टाकली. हरिओमनं फोनवर समजावलं, पोरगी येऊन रडली, सरजाबाईनं चार शिव्या घातल्या. कडूबाईचं एकच म्हणणं.

"कोपीत तीस सालं निजले. कोप पडली तर झटकून उठता येतंय. भित पडली तर कोण उठतंय?"

आणि ते खरंच होतं.

मग घरकुल मंजूर झालं आणि गवंडी म्हणून रविकांत आला. रविकांत शेजारच्या गावचा, चाळिशीतला, बोलायला मोजका. त्याचा बाप त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडं घरं बांधायला गेला होता आणि तिथून नवी रीत शिकून आला होता. ती रीत लेकानं उचलली. पाया खणला तेव्हाच त्यानं घराच्या चारही कोपऱ्यांत आणि आडव्या भिंतीच्या जोडावर एकेक उभी सळई रोवली. जोत्यावर सिमेंट-खडीचा एक पट्टा घातला, सगळ्या भिंतींवरून फिरवून. कोपऱ्यात विटा अशा रचायच्या, की सळईभोवती पोकळी राहील, आणि दर दोन-तीन थरांनी ती पोकळी काँक्रीटनं ठासून भरायची. अशी त्याची रीत.

"हे कशापायी?" आसारामनं विचारलं होतं.

"धक्का आला की दोन भिंती दोन दिशांना जायला बघत्यात, मामा. ही इकडं, ती तिकडं. आधी कोपराच फाटतो. तुमच्या जुन्या घराचं तेच झालं. ही सळई कोपऱ्याला उभी धरती, अन् पट्टे भिंतींना आडवे धरत्यात. एक जोत्याला झाला. दुसरा दारं-खिडक्यांच्या डोक्यावर. तिसरा पत्र्याच्या खाली. दुसरा सगळ्यात महत्त्वाचा."

आसारामनं मान डोलावली. त्याला समजलं होतं आणि नव्हतंही. पट्टा म्हणजे पट्टा, घालणारा घालील. त्याचं मन दारात अडकलं होतं.

म्हणून रविकांत सळया आणायला जिंतूरला गेलेला दिवस बघून त्यानं मुहूर्त काढला. तात्याराव सुताराकडून चौकट आणली, सवाष्णी बोलावल्या, नारळ फोडला आणि चौकट उभी केली. आपल्याकडची चाल अशी, की पुजून बसवलेली चौकट पुन्हा उपटत नाहीत. घरधन्याचा पाय उपटल्यासारखं मानतात. हे आसारामला पक्कं ठाऊक होतं. घाई त्यापायीच होती.

रविकांत एसटीतून उतरून आला, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि चौकटीकडं बघत राहिला.

"मामा, ही किती फुटाची?"

"आठ."

"आपलं सातचं ठरलं व्हतं."

"सुतारानं केली उंच. आता काय करता?" आसारामनं थेट तात्यारावच्या डोक्यावर खापर फोडलं.

"पट्टा सात फुटावर येतोय. खिडक्यांच्या डोक्यावरून जाईल, अन् दारापाशी येऊन ह्या चौकटीला अडकल."

"पट्टा यील तवा बगू की."

आपल्याकडं 'तवा बघू' या दोन शब्दांवर लग्नं ठरतात आणि धरणंही बांधली जातात. रविकांतला वाटलं, म्हातारा चार दिवसांत वळेल. त्यानं कामाला हात घातला.

भिंती चढत गेल्या. नऊ इंची, दोन खोल्यांच्या. आसाराम दिवसभर विटा भिजवायचा, पाणी मारायचा. कडूबाई भाकरी घेऊन यायची आणि लांब लिंबाखाली बसून बघायची. भिंतीच्या जवळ मात्र जायची नाही. खिडक्या बसल्या, त्यांची डोकी सात फुटांच्या दोरीला लागली. आणि एका सकाळी, चारही भिंती एका पातळीला आल्या तेव्हा, चौकटीचा वरचा फूटभर भाग एकटाच आभाळात राहिला.

रविकांतनं पट्ट्याच्या सळया कापून, वाकवून भिंतींवर मांडल्या होत्या. दोन सळया शेजारी शेजारी, दर सहा इंचांवर त्यांना जोडणारी आडवी कडी. कोपऱ्यात सळई तोडायची नाही. ती वळवून दुसऱ्या भिंतीवर न्यायची आणि तिथं दुसरीच्या अंगावरून दीड हात पुढं जाऊ द्यायची, मग तारेनं बांधायची. कोपऱ्यातली उभी सळई या दोन्हींच्या मधून वर जाते, तीही बांधायची. तीन भिंती झाल्या. चौथीवर तो आला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना सळया हातात धरून उभा राहिला.

"आता बोला," तो म्हणाला.

"लाकडाला भोकं पाडा अन् घुसवा की त्यात," आसाराम म्हणाला. त्यानं हे आधीच ठरवून ठेवलं होतं.

"लाकूड धरतंय व्हय सळईला? धक्क्याला उकलून जाईल."

"मग आरपार न्या. ह्या बाजूनं घाला, त्या बाजूनं काढा."

रविकांत पहिल्यांदाच हसला. "म्हंजे दाराच्या मधोमध सात फुटावर आडवी सळई? अन् नुसती सळई चालत न्हाई, काँक्रीट लागतं तिच्या अंगावर. मग आठ फुटी दार कशाला पायजे तुमाला?"

याचं उत्तर आसारामकडं होतं, पण ते गवंड्याला सांगण्यासारखं नव्हतं. तो चिडला. माणूस खरं सांगू शकत नाही तेव्हा आवाज चढवतो.

"मग सगळा पट्टाच वर घ्या. आठला."

"आठला घेतला तर वर पत्र्याखालचा पट्टा लगेच अर्ध्या फुटावर येतो. म्हंजे आख्खं घर उंच करावं लागल. कोपऱ्यातल्या सळया मापाच्या हायत, वरच्या पट्ट्यात त्यांची तोंडं वळवायची हायत. त्या कमी पडतील. खिडक्यांच्या डोक्यावर येगळे तुकडे टाकावे लागतील. विटा न्हाईत, सिमेंट भागत आलंय, अन् पाऊस तोंडावर हाय. करता येत न्हाई असं न्हाई मामा. पण यंदा न्हाई."

"दारापुरता सोडून द्या मग पट्टा. तीन हाताची तर जागा."

"आसाराममामा," रविकांत भिंतीवरून खाली उतरला. "तुमी जिंदगीभर मोळ्या बांधल्या. आळा तीन बाजूंनी घातला अन् चौथीकडं सोडून दिला, तर मोळी डोक्यावर ऱ्हाती का?"

आसाराम चौकटीच्या खांबाला हात लावून उभा राहिला.

"तीन हाताची जागा सोडली, की बाकीचा सगळा पट्टा फुकट. जिथं तुटला तिथनंच भित उघडते. मी दारापाशी तोडलेला पट्टा टाकणार न्हाई. माझ्या बापानं तिकडं काय काय उकरून काढलं, ते त्यानं मला सांगितलंय."

हे सगळं लिंबाखालून कडूबाईनं ऐकलं. तिचे कान उत्तम होते, पाठच तेवढी गेलेली. ती काठी टेकत आली, पण जोत्यापासून चार हात लांबच थांबली. मान तिरपी करून तिनं आधी चौकटीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"म्हंजे हे दार हाय तंवर घर पक्कं न्हाई?" तिनं रविकांतला विचारलं.

"न्हाई, मामी."

"मग मी न्हाई येत ह्या घरात." आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, एवढ्याच सुरात ती बोलली. "तुमी निजा आत. माझी वाकळ शेळीपाशी बरी हाय. उंच दारातनं बघत जाईन तुमाला."

भाकरीचं फडकं त्याच्या हातात देऊन ती वळली आणि निघाली. तिची पाठमोरी आकृती बघताना आसारामला एकदम जाणवलं, की मागून तिचं डोकं दिसतच नाही. नुसती पाठ चालत जाते आहे असं वाटतं.

भाकरी त्यानं उघडलीच नाही. भिंतीला टेकून बसून राहिला. समोर आठ फुटांची चौकट. तिच्यातून पलीकडचा माळ दिसत होता, त्यावरून डोक्यावर कळशी घेऊन एक काल्पनिक तरुण कडूबाई ताठ मानेनं चालत येत होती. किती वर्षं तो तिला बघत होता. आणि खरी कडूबाई तिकडं शेळीच्या छपरात वाकून शिरत होती, गुडघ्यावर, कोपीत शिरायची तशीच. आपण जिच्यासाठी दार केलं, ती या दारापायी पुन्हा कोपीत गेली. एवढं साधं गणित आपल्याला सुटू नये?

आळ्याचंही त्याला आठवत राहिलं. मोळी बांधायची ती कडूबाईच. वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन गुडघ्यानं दाबत ती आळा असा आवळायची, की गाडीवर फेकली तरी मोळी सुटायची नाही. दुसऱ्यांच्या मोळ्या रस्त्यात फिस्कटायच्या. तिला रविकांतचं म्हणणं एका वाक्यात कळलं, यात नवल ते काय.

उन्हं कलायला लागली तसा तो उठला आणि तात्याराव सुताराकडं गेला.

"करवत घ्या अन् चला," तो म्हणाला. "फूटभर कापायचीय."

तात्यारावनं चष्म्याच्या वरून बघितलं. "पुजलेली चौकट? अन् परवा तुमीच म्हणालात, सुतारानं उंच केली. सगळ्या वस्तीत माझं नाव केलं."

"ते बी फेडतो. कापताना वस्ती बोलवा, मी सांगतो माझं चुकलं म्हून."

वस्ती बोलवावी लागली नाही, आपोआपच आली. सरजाबाई सगळ्यांत पुढं. पुजलेल्या चौकटीला करवत लावायची म्हणजे कुणीतरी सवाष्णीनं तिची माफी मागायला हवी, असं तिनंच काढलं. कुणाला तशी रीत माहीत नव्हती. सरजाबाईलाही नसावी. पण कडूबाई भिंतीची भीती तेवढ्यापुरती बाजूला ठेवून पुढं आली, चौकटीच्या पायाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "रागावू नगंस माय. तुला बी आमच्यासंगं ऱ्हायचंय, जरा ठेंगणी हो." मग तात्यारावनं वरची पट्टी सोडवली, दोन्ही खांब फूटभर उतरवले आणि पट्टी पुन्हा बसवली. करवत चालू असताना आसाराम शेळीला पाला घालायला गेला. त्याच्याच्यानं बघवेना.

दुसऱ्या दिवशी रविकांतनं सळया दारावरून सलग नेल्या. चौथा कोपरा वळवायचा राहिला होता. आसाराम म्हणाला, "तार माझ्याकडं द्या." बांधायची सवय हाताला नव्हती, ती कडूबाईची. तरी तो तारेला पीळ देत राहिला, उभ्या सळईला आडव्या सळयांशी आवळत राहिला, रविकांत दोनदा म्हणाला "बास मामा, तुटल", तरीही. मग दोन्ही बाजूंनी फळ्या लागल्या आणि माल पडला. तीन इंच जाडीचा करडा, ओला पट्टा सगळ्या घराला वेढून जिथून निघाला तिथं येऊन मिळाला. कुठंही तुटला नाही. पुढं बरेच दिवस आसाराम त्यावर ओली पोती टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होता. वस्तीतल्या पोरांनी त्याला 'पट्टेवाला' म्हणायला सुरुवात केली.

वरचे थर झाले, पत्र्याखालचा पट्टा झाला, कोपऱ्यांतल्या सळयांची तोंडं त्यात वळवली. पत्रे आले ते हुकांनी आवळून बसवले. "वर एक धोंडा दिसला तर मी येऊन फेकून दीन," असं रविकांतनं बजावलं. कडूबाई रोज थोडी थोडी जवळ येत होती. आधी जोत्याला हात लावला. मग एके दिवशी कोपऱ्यापाशी उभी राहिली आणि आत गेलेली सळई हाताला लागते आहे का म्हणून विटांवर तळवा फिरवत राहिली. आसारामनं हे लांबून बघितलं. त्याला बरं वाटलं. पण आत कुठंतरी सल होता, तो बोलण्यातून दिसायला लागला. जेवताना गप्प, चहाला गप्प. सरजाबाईच्या टोमण्यालासुद्धा उलट टोमणा नाही.

घरभरणीच्या दिवशी सगळे जमले. हरिओम पुण्याहून आला, लेक चुडाव्याहून आली. आंब्याचं तोरण लागलं. घरच्या लक्ष्मीनं पाण्याचा तांब्या घेऊन आधी आत जायचं असतं. कडूबाई नवं लुगडं नेसून, हातात तांब्या घेऊन दारापाशी आली आणि थांबली. मागं सगळे खोळंबले.

"काय झालं?" हरिओमनं विचारलं. "भ्या वाटायलंय का अजून?"

"भ्या न्हाई रे." तिनं मान तिरपी करून आसारामकडं बघितलं. "ह्यांचं तोंड बघ की. घर झालं, अन् ह्यांचं तोंड सुतकातलं. आवं, आज तर सांगा. काय कामून आठ फुटाचं पायजे व्हतं तुमाला?"

एवढ्या माणसांत ही बाई विचारेल, असं आसारामला वाटलं नव्हतं. त्यानं टाळायला बघितलं, पण सरजाबाई, तात्याराव, रविकांत, सगळेच कान टवकारून उभे. शेवटी तो मान खाली घालून पुटपुटला.

"कोपीपुढं तुला हंडा उतरवावा लागायचा. मान कापायची तुझी. तवा म्हणलं व्हतं मनात... एक दिस हंडा-कळशी डोक्यावर घेऊन ताठ आत जाशील, असं दार करीन. आता तुझ्या डोक्यावर हंडा बी न्हाई अन् दार बी न्हाई. माझं काई खरं झालं न्हाई."

लेकीनं पदर तोंडाला लावला.

कडूबाई मात्र हसली. बोळक्या तोंडानं, डोळे मिटून, लाजल्यासारखी.

"येडे हायसा. हंडा मला एकलीला उतरवता येत व्हता. माझ्या मायच्या घरी मी दोन हंडे आणायची." ती त्याच्याजवळ सरकली. बाकीचे ऐकत आहेत याचं तिला भान नव्हतं, की होतं आणि पर्वा नव्हती. "तुमी कोपीतनं रांगत बाहेर यायचा अन् दोनी हातांनी हंडा धरायचा, म्हून मी उभी ऱ्हायची. दिसभर फडात तुमी पुढं, मी मागं. तुमची पाठच दिसायची मला. हंडा धरला की तेवढं तोंड दिसायचं. दार उंच असतं, तर तुमी बाहेर कशाला आला असता?"

कडूबाईनं पाण्यानं भरलेला तांब्या त्याच्यापुढं केला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, तिनं सोडला नाही, आणि दोघं दारातून आत गेले. रात्री ती आत, भिंतीकडेला निजली.